अध्यक्षांनाच दिसणारा फोटो

आमच्या घरात वर्तमानपत्र क्वचित यायचं, पत्रकं मात्र गठ्ठ्यांनी यायची. वडील ती झोळीत घालून वाटायला जायचे, उरलेली लोखंडी पेटीत ठेवायचे. मी वाचायला शिकलो ते त्या पेटीवर बसून. ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द मला स्वतःच्या नावाआधी लिहिता येत होते, असं आई सांगते. त्यामुळे पुढे गोंदियात, फुलचूरच्या बाजूला काम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागलो, तेव्हाही प्रत्येक बिघाडामागे मला व्यवस्था दिसायची. दुकानमालक म्हणायचा, “भाऊ, पहले प्लग देख, व्यवस्था बाद में.” बहुतेक वेळा दोष प्लगातच निघायचा. एकदा मात्र प्लग ठीक होता.

शाळा-कॉलेजं चालवणाऱ्या एका शिक्षणसंस्थेतून बोलावणं आलं. संस्थेचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, फोनवर हळू आवाजात म्हणाले, “साहेबाच्या काम्प्युटरात भूत शिरलं. तू ये.”

भूत म्हणजे एक फोटो होता. संस्थेचे जुने सचिव अध्यक्षांशी भांडून निवडणुकीत दुसऱ्या पॅनलला मिळाले होते. वेबसाइटच्या पहिल्याच पानावर त्यांचा हसरा फोटो होता. तो काढा, असा हुकूम सुटला. वेबसाइट सांभाळायची केशोरीकडची एक ताई, कंत्राटी ऑपरेटर. तिचं कंत्राट संपत आलं होतं आणि नवा आदेश अध्यक्षांच्या टेबलावर सहीविना पडून होता. तिने त्याच दिवशी फोटो काढला. लॅबमधल्या सगळ्या काम्प्युटरांवर फोटो गेला. नवेगाव बांधच्या शाळेतल्या मास्तरांनीही फोनवर गेला म्हणून सांगितलं. फक्त अध्यक्षांच्या दालनात सचिव जसेच्या तसे हसत होते.

मी पोचलो तेव्हा दालनात सुनावणीच चालू होती. अध्यक्ष खुर्चीत, बडेबाबू उभे, आणखी दोन प्राध्यापक कारण नसताना उभे. ताई दाराशी.

“बाई, हा माणूस अजून कायले हसून राहिला इथं?” अध्यक्षांनी विचारलं.

“साहेब, मी काढला जी. लॅबमध्ये येऊन पाहा ना.”

“लॅबमध्ये काढता आणि दुनियाले दाखवता. मले समजत नाही का?”

हा आरोप मी आजही विसरलेलो नाही. लॅबमध्ये दिसतं ते खोटं, नवेगावला दिसतं ते खोटं, दालनात दिसतं तेवढं खरं. दोन्ही प्राध्यापकांनी माना हलवल्या. त्यातले एक तर्कशास्त्र शिकवायचे.

“ती सचिवाची माणूस आहे,” बडेबाबू माझ्या कानाशी म्हणाले. आदल्या दिवशी ते स्वतः लॅबमध्ये जाऊन फोटो गेलेला पाहून आले होते, हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं होतं. मी त्यांना ते विचारलं. “पाहिला ना,” ते शांतपणे म्हणाले, “पण साहेबाले दिसते.”

मी खुर्चीवर बसलो. आधी सोपे उपाय केले. ब्राउझरमध्ये साठलेली जुनी पानं पुसली, पान पुन्हा मागवलं. सचिव हसले. काम्प्युटरने लक्षात ठेवलेले वेबसाइटांचे पत्ते पुसायची आज्ञा दिली. सचिव पुन्हा हसले. तर्कशास्त्रवाले म्हणाले, “व्हायरस असेल.”

मी ताईकडे वळलो. “मधे साइटची जागा बदलली का?”

“हो. दिवाळीनंतर नव्या सर्व्हरवर नेली. जुन्याचे पैसे वर्षभराचे भरले होते, म्हणून तोही चालूच आहे.”

मग मी आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत दोन प्रश्न टाकले. वेबसाइटच्या नावाचा पत्ता बाहेरच्या डीएनएसला, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेला विचारला, तेव्हा नव्या सर्व्हरचा आकडा आला. तेच नाव घेऊन ह्या काम्प्युटरवरून पिंग केलं, म्हणजे साइटला हाक मारून पाहिली, तर जुन्या सर्व्हरचा आला. गाव बरोबर पत्ता सांगत होतं आणि हा काम्प्युटर गावाला विचारतच नव्हता. त्याच्याकडे स्वतःचा पत्ता होता.

विंडोजच्या पोटात होस्ट्स नावाची एक साधी फाइल असते. तिच्यात एखाद्या नावापुढे पत्ता लिहून ठेवला, की काम्प्युटर दुसऱ्या कुणाला विचारत नाही. साठलेलं कितीही पुसा, ही फाइल पुन्हा तेच सांगते. मी ती नोटपॅडमध्ये उघडली. तळाशी संस्थेच्या वेबसाइटचं नाव होतं आणि जुना आकडा.

“हे कोणी लिहिलं?”

बडेबाबूंचा चेहरा एकदम उजळला. “अरे, ते उद्घाटनाचं.” ते अभिमानाने सांगू लागले. वेबसाइट पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा तिचं उद्घाटन ह्याच दालनात, ह्याच काम्प्युटरवर झालं होतं. नारळ, हार, माउसला कुंकू. पाहुणे येऊन बसले, पण साइट बनवणाऱ्या नागपूरच्या पोराला ती लावता येईना. नावाचा पत्ता सगळीकडे पोचायला वेळ लागते म्हणे. मुहूर्त चालला होता. “मंग त्यानं काहीतरी लिहिलं आन् फटकन लागली. टाळ्या पडल्या जी.”

टाळ्या विरल्या, पाहुणे गेले, पोरगाही गेला. ओळ राहिली. साइट जुन्या सर्व्हरवर होती तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. साइट हलली तेव्हा सगळी दुनिया नव्या पत्त्यावर गेली आणि अध्यक्ष एकटेच उद्घाटनाच्या दिवशी थांबले. त्यांच्याशी भांडलेले सचिवही तिथेच, हार घालून.

मी ओळ पुसली, फाइल जतन केली, ब्राउझर बंद करून उघडला. फोटो नव्हता.

अध्यक्षांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. “आता काढला?”

“आज नाही, साहेब. ताईंनी त्याच दिवशी काढला. हा फक्त तुमच्याच काम्प्युटरवर होता.”

मग अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे मले फसवलं.”

“हो ना जी,” बडेबाबू लगेच म्हणाले, “त्या नागपूरवाल्यानं.” प्राध्यापकांनी माना हलवल्या. दाराशी उभ्या असलेल्या ताईकडे एकानेही पाहिलं नाही.

दुकानात परतून मी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘ज्याचं दालन, त्याचं सत्य’. माझ्या मते वडिलांच्या पेटीतल्या कोणत्याही पत्रकाच्या तोडीचं होतं. दुसऱ्या दिवशी ताईला दाखवलं. तिने उभ्याउभ्या सगळं वाचलं.

“भाषा चांगली आहे, भाऊ.”

“मग छापू?”

“छाप. वाटशील तू आन् घरी बसीन मी. आदेशावर सही होऊन राहिली आहे. काऊन मोडता घालतोस?”

“निदान माफी तरी मागायला पाहिजे त्यांनी.”

“माफी घेऊन का करू? तिच्यावर जावक नंबर पडत नाही.”

मी व्यवस्थेवर तासभर बोलू शकत होतो. ती तिथे रोज आठ तास बसत होती. मी कागद घडी करून खिशात घातला.

सही झाली. आदेशात यंदा एक नवी अट होती: वेबसाइटवरील प्रत्येक बदल मा. अध्यक्षांच्या दालनातील संगणकावर दिसल्यानंतरच पूर्ण झाला असे समजण्यात येईल. ताईने ती मला वाचून दाखवली, ‘मा.’सकट, आणि खूप हसली.

मग तिने एक गोष्ट विचारली. “ती फाइल उघडायची कशी, ते मले शिकवून देशील? आता त्या काम्प्युटरावर रोज मलेच बसा लागते.”

मी शिकवलं. एवढ्या पत्रकांनंतर माझ्याकडून कुणाच्या हातात पडलेली पहिली उपयोगाची गोष्ट बहुधा तीच.