पास संपेपर्यंत

ढोकीला कारखान्याच्या रस्त्यालगत आमच्या घराचं जोतं आहे. चार खोल्यांचं, काळ्या दगडाचं. भिंती नाहीत. त्या भिंतींसाठी आम्ही दोघं दौंडला राहत होतो आणि रोज पुण्याला नोकरीला जात होतो.

पुण्यात भाड्याला जेवढं गेलं असतं, त्याच्या निम्म्यात दौंडला दोन खोल्या मिळाल्या होत्या. रेल्वेचा मासिक पास तर स्वस्तच. उरलेलं सगळं ढोकीला. शिवाय, यांचं म्हणणं, संध्याकाळी दौंडला गाडीत बसलं की गावाकडं जायला अर्धी वाट संपलेलीच असते. मी वेळेचा हिशेब मांडायची. अंधारात निघायचं, अंधारात यायचं. दौंडच्या त्या खोल्या मी उजेडात फक्त रविवारी पाहिल्या. हे म्हणायचे, "वेळ जातो कुठं? तू वाचतेस, मी झोपतो. घरी तरी आणखी काय करणार?"

ते खरंच होतं. ते खिडकीशी झोपायचे, मी शेजारी वाचायची. गाडीत आमचा ठरलेला मेळा होता. समोर भूमकडचे एक काका, पुण्यात एका प्रेसमध्ये कामाला. त्यांच्या शेजारी एक नर्सबाई. दाराजवळ कोर्टात काम करणारे दोघं. जो आधी चढेल तो बाकीच्यांसाठी रुमाल टाकायचा. आणि एक नियम होता: झोपलेल्याला कुणी हलवायचं नाही. केडगावला गर्दी चढली, कुणी ओरडलं, तरी काका दटावायचे, "झोपू द्या त्यांना. हडपसरला उठवू." हडपसर गेलं की पुणंच.

त्या दिवशी यवतच्या आसपास यांचा हात मांडीवरून घसरून माझ्या पुस्तकावर आला. मी तो उचलून परत त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पान उलटलं. उरुळीला एकजण त्यांच्या पायांना अडखळला. काका म्हणाले, "झोपू द्या त्यांना. हडपसरला उठवू."

हडपसरला ते उठले नाहीत. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडून बराच वेळ झाला आहे. म्हणजे किती, मी विचारलं नाही. त्या वाटेवरची सगळी स्टेशनं मला ओळीनं पाठ होती.

ढोकीला त्यांचे दिवस झाले. सासरे जोत्यावर बसले होते, मला म्हणाले, "पोरी, पुण्यात खोली घेतलीस तर पगार तिथंच जाईल, ह्ये असंच राहील. दौंडला राहिलीस तर दोन वर्सांत भिंती उभ्या राहतील. पर रोजचं ते जाणं-येणं... एकटीनं. म्या काय सांगू? तूच ठरव."

"बघते, मामा," मी म्हणाले, आणि दौंडला परत आले. आमचे दोन्ही पास एकाच दिवशी काढलेले होते आणि त्यांना अजून दिवस बाकी होते. ठरवायचं काही नको म्हणून मी पहिल्या दिवशी नेहमीच्या गाडीला गेले.

डब्यात माझ्या जागेवर रुमाल होता. खिडकीच्या जागेवरही होता.

मी काकांकडं पाहिलं. ते जरा ओशाळले. "आपल्या गाडीत तसंच हाय, बाई. पास असेपर्यंत जागा माणसाची. तुमच्या आधीपासून चालत आलंय."

"कुणासाठी केलं होतं याआधी?"

"एक मास्तर व्हते. एक टेलर व्हता." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पास संपला की रुमाल उचलायचा. लई दिवस न्हाय ठेवत."

गर्दी वाढली. लोक एकमेकांच्या पायांवर उभे होते आणि माझ्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी होती. कुणी भांडलं नाही, याचंच मला नवल वाटलं. नर्सबाई फक्त हळूच म्हणाल्या, "नवे लोक मागतात, पण बसत नाहीत."

तेही मी पाहिलं. खुटबावला एक अनोळखी तरुण चढला. त्याला कुणी अडवायच्या आत रुमाल सारून तो बसला. क्षणभरच. मग उठला आणि मला म्हणाला, "मावशी, कुणीतरी बसलं होतं का? जागा गरम लागतेय."

"ऊन येतं खिडकीतून," मी म्हणाले.

"असेल," तो म्हणाला, आणि पुण्यापर्यंत उभा राहिला. बाहेर दाट धुकं होतं, हे माझ्या ध्यानात मांजरी स्टेशन गेल्यावर आलं.

असं मी रोज जाऊ लागले. पुस्तक उघडायची आणि तेच पान समोर राहायचं. कधी डाव्या बाजूला जडपणा जाणवायचा, कुणी झोपेत कलतं तसा. मी वळून पाहत नसे. घाबरत होते असं नाही. पाहिलं तर जागा रिकामी दिसेल, एवढंच वाटायचं. खरं तर घरात आमचं आयुष्य फार नव्हतंच. जे होतं ते या बाकावर होतं. दौंडला राहिलं की भिंती होतील आणि हा बाकही राहील, असं मनाशी जवळजवळ पक्कं झालं. पास नवा करायचा तर दोन्ही करावेत का, असाही एकदा विचार आला. तो आला याचं त्या वेळी मला काहीच वाटलं नाही.

मग एका सकाळी मला ग्लानी आली. रात्री झोप नव्हती. मी कधी सरकले कळलं नाही, पण गालाला खिडकीचा गज लागला, तेव्हा मी त्यांच्या जागेवर होते. गज थंड होता. डबा हलत होता, आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते. माझा हात मांडीवरून घसरला. तो उचलावासा वाटला, पण उचलला गेला नाही. डोळे उघडेनात.

कुणीतरी माझ्या पायांना अडखळलं. आणि मी ऐकलं, त्याच आवाजात, त्याच जागी, "झोपू द्या त्यांना. हडपसरला उठवू."

त्यानंतर डब्यात कुणी बोललं नाही. रुळांचा आवाज तेवढा राहिला. ती शांतता किती वेळ होती कोण जाणे. मला वाटलं, यांनीही हीच ऐकली असेल. मग एकाच वेळी चार हात माझ्यावर आले. कुणी खांदा हलवला, कुणी गाल थोपटला. नर्सबाईंनी मनगट धरलं होतं आणि त्यांचे ओठ मोजत होते.

डोळे उघडले तेव्हा काकांचा चेहरा माझ्या तोंडाजवळ होता, पांढराफटक. "तोंडातून गेलं, बाई," ते म्हणाले. "सवयीनं गेलं."

"जाऊ द्या," मी म्हणाले. "कुठलं स्टेशन?"

"उरुळी."

मी पुण्यापर्यंत उभी राहिले. दोन रुमाल बाकावर शेजारी शेजारी पडले होते.

त्या दिवशी ऑफिसातल्या एका बाईंकडं मी खोलीचं विचारलं आणि संध्याकाळी गाडीला गेलेच नाही, त्यांच्याकडंच राहिले. ढोकीला फोन केला. "मामा, पुण्यात राहते. घराचं आता होणार नाही."

ते म्हणाले, "जोतं कुठं जातंय? शेळ्या बसतात त्यावर. तू नीट राहा."

पुढचे काही दिवस मला पहाटे अंधारातच जाग यायची आणि कुठं जायचं हे आठवायला वेळ लागायचा. दिवस एकदम लांब झाला होता. इतक्या वेळाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

अशाच एका सकाळी काकांचा फोन आला. मागं गाडीचा आवाज होता.

"बाई, बऱ्या हाव ना?"

"बरी आहे. तुम्ही सगळे?"

"आहोत. तुमचा पास अजून चालू हाय, म्हणून विचारलं. रोज टाकतो रुमाल. दोन्ही."

"माझा उचला, काका. मी येणार नाही आता."

"व्हय, ते कळलं. पर नियम हाय." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि गर्दी लई हाय, पर कुणी बसंना झालंय. म्हणतात, दोन्ही जागा गरम लागतात."