हिरो डावीकडे सरकायचा, आणि मी कोडकडे बोट दाखवायचो

आमचा हिरो किल्ल्याच्या तटावर उभा राहून तलवार चालवायचा आणि पाचव्या वाराला खाली पडायचा. समोरच्या राक्षसाने त्याला हातसुद्धा लावलेला नसायचा. आपला आपणच पडायचा. लग्नात दोन पेग जास्त झालेला मामा जसा नाचता नाचता स्टेजवरून उतरतो, तसा.

हे जयपूरच्या वैशाली नगरमधल्या आमच्या छोट्याशा गेम कंपनीतलं. आठ माणसं, दोन खोल्या, एक कूलर. हिरोला हलवायचं काम माझं, म्हणजे अ‍ॅनिमेशन. मी नववी नापास. वडील भुसावळचे, रेल्वेत पॉइंट्समन, बदली होऊन जयपूरला आले आणि मला इथल्या शाळेत घातलं. शाळेने मला बाहेर घातलं. मग लग्नाचे व्हिडिओ जोडायला लागलो, नवरा-नवरीभोवती गुलाब फिरवायला लागलो. गुलाब फिरवता फिरवता मोबाइलवर बघून बघून माणसं फिरवायला शिकलो. शिकवणारा कोणी नव्हता, त्यामुळे चुका सगळ्या अस्सल माझ्या आहेत.

हिरो कुठे उभा आहे, कुठे जाणार, हे ठरवणारा कोड लिहायची एक मुलगी. तीही मराठी. वडील इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी अडखळत चालायचं. मला दादा म्हणायची. मी तिला मॅडम म्हणायचो, चिडवायला. आमची भांडणं मराठीत, म्हणजे बाकीच्यांना कळायची नाहीत. त्यांना मी नंतर हिंदीत सांगायचो, माझी बाजू जरा वाढवून.

तर हिरो पडायला लागला आणि मी सगळ्यांना सांगून टाकलं, कोडचा दोष आहे. कोड त्याला ढकलतो. माझा वार बघा, कसा लोण्यासारखा. आणि वार खरंच देखणा होता. बाजूने बघितला तर.

ती म्हणाली, "दादा, कोड नाही ढकलत. मतलब, थोडा ढकलतो. पण एवढा नाही."

"चोर पण हेच म्हणतो, मॅडम. थोडंच घेतलं."

हे हिंदीत करून सांगितल्यावर सगळे हसले. हसणारी माणसं मिळाली की मला थांबता येत नाही, हा माझा जुना रोग.

असे तीन आठवडे गेले. मग तिने मला तिच्या स्क्रीनसमोर बसवलं. मशीनच्या लेखी हिरो म्हणजे एक उभी गोळी, औषधाच्या कॅप्सूलसारखी. धडक, पडणं, उभं राहणं, सगळं त्या गोळीचं. आपल्याला दिसतं ते शरीर म्हणजे गोळीला घातलेले कपडे. आणि माझ्या सांगाड्यात पायांच्या मधे, जमिनीवर, एक न दिसणारं हाड असतं, त्याला रूट म्हणतात. वार करताना मी ते रूट एक पाऊल पुढे सरकवायचो. मशीन ते सरकणं उचलून गोळीला द्यायचं, म्हणजे गोळीही एक पाऊल पुढे. एवढं मला माहीत होतं. अभिमानाने माहीत होतं.

तिने रूटचं सरकणं गोळीला देणं आणि कोडचं ढकलणं, दोन्ही बंद करून दाखवलं. हिरोने वार केला, शरीर गोळीतून बाहेर पडून पुढे चालत गेलं, गोळी मागेच राहिली, आणि वार संपताच शरीर टपकन परत गोळीत.

"बघा," ती म्हणाली. "शरीर किती जातं, आणि कुठे जातं. थोडा तिरका नाही वाटत?"

मी तिरकं बघितलंच नाही. मी मागे वळून सगळ्यांना हाक मारली, "या, या, मॅडमच्या कोडने हिरोचा आत्मा मागे ठेवला. शरीर ड्यूटीवर, आत्मा सुट्टीवर."

बॉसभैया पण हसले. ते आमचे मालक, बोलायला फार गोड, निर्णय घ्यायला फार घाईचे. पुढच्या शुक्रवारी बाहेरून माणसं गेम बघायला येणार होती आणि दाखवायचं होतं तेच तटावरचं युद्ध. त्यांनी दोन दिवस माझे विनोद ऐकले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिला म्हणाले, "बेटा, लढाईचा कोड सोमवारपासून बाहेरच्या एका माणसाला देतोय. तू मेन्यू सांभाळ. बटणं, सेटिंग, आवाज कमी-जास्त."

ती लढाई तिने वर्षभर लिहिली होती. राक्षस कधी मागे हटतो, कधी दम खातो, सगळं तिचं. ती "जी" म्हणाली आणि वहीतली पानं चाळत बसली. लढाईची आकडेमोड त्या वहीत होती, ती नव्या माणसाला द्यायची होती.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, खोटं कशाला बोलू. दोन कचोऱ्या मागवल्या, एक तिला दिली. तिने घेतली नाही. मी दोन्ही खाल्ल्या.

दुपारी सगळे जेवायला खाली गेले. मी थांबलो, नव्या माणसासमोर आपली फाइल जरा नीटनेटकी दिसावी म्हणून. हाडांची नावं सारखी केली आणि सहज, चुकून म्हणा, कॅमेरा वरून लावला. डोक्यावरून. मी आजवर वार कधी वरून बघितला नव्हता. वरून बघितलं तर आपल्याला काय दिसणार, टक्कल.

वरून दिसला रूटचा रस्ता. सरळ पुढे जायला हवा होता. तो डावीकडे कलत कलत गेला होता. एका वारामागे वीतभर. पाच वार म्हणजे पाच विती, आणि तटाच्या मधोमधपासून कडेपर्यंत अंतर तेवढंच.

मी घाबरून नमुन्याचा व्हिडिओ काढला. वार कसा करायचा हे ठरवायला मी स्वतःच आमच्या घराच्या गच्चीवर पोछ्याचा दांडा घेऊन नाचलो होतो, मोबाइल विटेला टेकवून. व्हिडिओत मी दर वेळी डावीकडे टाच टाकत होतो. उजवीकडे घरमालकिणीने चादरीवर मंगोड्या वाळत घातल्या होत्या. म्हणजे मुगाच्या डाळीचे सांडगे, मोजून चार ओळी. एकीवर पाय पडला असता तर तिने मला खोलीतून काढलं असतं. मी मंगोड्या वाचवत होतो, आणि ते वाचवणं फ्रेम बघून बघून, मोठ्या निष्ठेने, हिरोच्या रूटमध्ये उतरवलं होतं. अंगाचा झोक कमरेच्या हाडाला द्यायचा असतो, तेव्हा डोलतं फक्त शरीर आणि गोळी जागेवर राहते. मी तो जमिनीवरच्या रूटला दिला होता. कारण मला वाटायचं, पाय हलला म्हणजे रूट हललं.

आता माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मनात आलं, गपचूप सरळ करून टाकू. कोणाला कळतंय.

बसलो. रूट सरळ केलं, डोलणं कमरेला दिलं. तट उघडला, वार केला. डावीकडे जाणं थांबलं. पण हिरो एका वाराला दोन पावलं पुढे जात होता. आधी तिरका असल्याने राक्षसाच्या बाजूने निसटायचा, आता सरळ त्याच्या पोटात शिरून पाठीतून डोकावत होता. एक पाऊल माझ्या रूटचं, आणि एक तिच्या कोडचं. वाराला जोर यावा म्हणून तिनेही पुढे रेटा दिला होता. वर माझा अंगठा सवयीने कंट्रोलरच्या, हिरोला चालवायच्या दांडीवर होता, तर कोड तिकडेही ओढत होता. एका बैलगाडीला दोन गाडीवान. म्हणजे थोडा ढकलतो म्हणाली होती, ते खरं होतं. आणि तो थोडा काढायचा तर कोडला हात लावायला हवा. कोड मला येत नाही. मला नववीतलं बीजगणित येत नाही.

ती वर आली. मी तिच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिलो. व्हिडिओ दाखवला, वरचा रस्ता दाखवला. तिने शांतपणे बघितलं.

"हे काय आहे, पिवळं?"

"मंगोड्या."

"मी तीन आठवडे माझा कोड वाचला, दादा. रोज. घरी पण. आईने विचारलं, जेवत का नाही."

"तुझा रेटा पण होता ना त्यात," मी म्हणालो. सवय जात नाही.

"होता. मी बोलले पण होते. तुम्ही चोर म्हणाले."

"बरं, आता वार चालू असताना तुझा कोड गप्प बसव, बाकी सगळं मी—"

"मी हात नाही लावणार. माझ्याकडे मेन्यू आहे." तिने आवाजाचं बटण कमी-जास्त करून दाखवलं. "आधी भैयांना सांगा. सगळ्यांसमोर. जसे विनोद सांगता, तसेच उभे राहून."

मी म्हणालो, आधी दुरुस्त करू, मग सांगतो. ती बटण कमी-जास्त करत राहिली.

मग सांगितलं. खोलीच्या मधोमध उभा राहून, व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर लावून. पहिल्यांदाच असं झालं की मी पोछा घेऊन नाचतोय आणि कोणी हसत नाहीये. मला वाटलं निदान मंगोड्यांना हसतील. बॉसभैयांनी विचारलं, "उस्ताद, म्हणजे तीन आठवडे तुम्ही जे सांगत होतात ते?"

"ते मी बाजूने बघून सांगत होतो," मी म्हणालो. "आणि ती म्हणाली होती तिरकं आहे, तेव्हा मी बघितलंच नाही."

ते तिच्याकडे वळले. "तू बोलली का नाहीस जोरात?"

"बोलले. यांचा आवाज मोठा आहे."

मग ती बसली आणि तासाभरात लिहून मोकळी झाली. वार सुरू झाला की गोळी फक्त रूटचं ऐकणार. रेटा बंद, दांडी बंद. वार संपला किंवा मधेच तोडला गेला की सूत्रं परत कोडकडे. हे मधेच तोडण्याचं मला सुचलं नसतं. राक्षसाने वारात मारलं असतं तर हिरो कायमचा बधिर राहिला असता.

तटावर हिरोला उभं केलं आणि तिने वार मोजायला सुरुवात केली. पाचवा गेला. दहावा गेला. विसाव्यालाही तो तटाच्या मधल्या दगडांवरच होता, आणि राक्षस त्याच्या समोर, पोट शाबूत. बॉसभैयांनी तिथेच फोन काढला आणि बाहेरच्या माणसाला सांगितलं, सोमवारी यायची गरज नाही. चूक आमच्या घरातली होती. बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हा त्यांचा गोडपणा.

वही तिने परत खणात ठेवली. मी विचारलं, "राग गेला?"

"नाही. अजून चौदा प्रकारचे वार आहेत तुमचे," ती म्हणाली. "एकेक वरून दाखवा. मी खुर्चीत बसून बघते. आणि तोंड बंद, मतलब, ते पण वार चालू असताना."

पहिला उघडला. तोही डावीकडे जात होता. तिने खुर्ची जरा जवळ ओढली.