पांढऱ्यावर पांढरं

ऑफिसात तिला सगळे चौकटताई म्हणत. समोर नाही, पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही हरकतही नव्हती.

व्हिडिओखाली अक्षरं बसवायची, हे तिचं काम. नवा माणूस आला की ती त्याच्या हातात आपला जुना, लहान पडद्याचा फोन ठेवायची. "मोठ्या मॉनिटरवर सगळंच छान दिसतं रे बाबा. बघणारा बघतो ह्याच्यावर." तिची चौकट ठरलेली. खालचा पाचवा हिस्सा मोकळा सोडायचा, कारण तिथे ॲपवाले नाव आणि माहिती आणून ठेवतात. उजव्या कडेला बटणं असतात, तिथेही जायचं नाही. एका वेळी दोनच ओळी. ओळ तोडायची ती अर्थ जिथे श्वास घेतो तिथे. 'करू' वर आणि 'नका' खाली असं कधीच नाही. मग फोन घेऊन ती जिन्यावर उन्हात जायची आणि हात लांब करून बघायची. तिथे वाचता आलं, तर पास.

त्या वर्षी तिला समोरच्या माणसाचं तोंड दिसेना. कडेचं दिसे, मधलं पुसल्यासारखं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, चष्म्याने काही होणार नाही. तिने कुणाला सांगितलं नाही. मुलाला कळलं असतं तर तो येऊन घेऊनच गेला असता. त्याच्या दोन खोल्यांत आधीच चार माणसं. ही खुर्ची होती, म्हणून ती स्वतःच्या घरात होती.

तिने अक्षरं थोडी मोठी केली. बघणाऱ्यांनी कौतुकच केलं. मग आणखी मोठी. दोन ओळींच्या तीन झाल्या आणि बोलणाऱ्याच्या हनुवटीवर चढल्या.

"ताई," मालक म्हणाले, "हे कॅप्शन आहे की दुकानाची पाटी?"

सगळे हसले. तीही हसली. त्या दिवसापासून ती आकड्यांवर काम करू लागली. अक्षराचा आकार, कडेचं अंतर, काळ्या पट्टीचा गडदपणा, सगळे आकडे तिला पाठ होते. शब्द कानाने ऐकायचे, टाइप करायचे, आकडे घालायचे. कुणाला पत्ता लागला नाही.

मग कानाच्या दवाखान्याचं काम आलं. ऐकू न येणाऱ्यांसाठी, तोल सांभाळण्याचे व्यायाम. दवाखान्याने सांगितलं, काळी पट्टी नको, जड दिसते. नुसती पांढरी अक्षरं आणि बारीक किनार. ती नेहमीसारखी जिन्यावर गेली. फोनमधून शिकवणाऱ्या बाईंचा आवाज येत होता. "आधार सोडू नका," बाई म्हणाल्या, आणि ताईला ते वाक्य पडद्यावर स्वच्छ दिसलं.

पास.

आठवड्याभराने दवाखान्याचा फोन आला. मालकांचा चेहरा पडला. बाईंचा कोट पांढराशुभ्र, अक्षरं बरोबर त्याच्यावर. व्हिडिओचा मधला सगळा भाग वाचताच येत नव्हता, 'आधार सोडू नका' हेसुद्धा. एका आजोबांनी खुर्चीचा हात सोडला आणि ते पडले. कंबर मोडली होती.

"तुम्ही तपासलं होतंत ना?"

"हो."

"मग?"

शेजारच्या टेबलावरची धाकटी एडिटर ताईची बाजू घेऊन उठली. ती ताईकडूनच सगळं शिकली होती. तिने घाईघाईने पट्टी घातली, ओळी नीट तोडल्या, आणि फोन ताईच्या हातात दिला. "हे बघा ताई. आता झालं ना? तुम्ही हो म्हणा, लगेच पाठवते." गडबडीत आवाज बंदच राहिला होता.

ताईने फोन हातभर लांब धरला. मग जवळ आणला. मग मान तिरकी केली.

"अजून पांढऱ्यावर पांढरंच आहे गं," ती म्हणाली.

धाकटीने पडद्याकडे बघितलं. काळ्या पट्टीवर ठळक अक्षरं. तिने मालकांकडे बघितलं. मालकांनी फोन घेतला, बघितला, आणि हळूच टेबलावर ठेवला.

"ताई," धाकटी म्हणाली, "पट्टी आहे ना."

ताईला कळलं. आजोबांचंही तिला आत्ताच, पुरतं कळलं. जिन्यावर इतके दिवस ती वाचत नव्हती. ऐकत होती.

"बसा तुम्ही," मालक म्हणाले. "पाणी घ्या. उद्या आपण..."

"उद्या नको," ती म्हणाली. "आजच सांगते. माझे जेवढे व्हिडिओ झालेत, ते सगळे परत बघा. आवाज बंद करून बघा."

तिने डबा पिशवीत घातला. मुलाला फोन लावायचा होता. नंबर तिने धाकटीकडून लावून घेतला. "ये रे," एवढंच बोलली.

जिना उतरताना धाकटीने तिच्या कोपराला धरलं. "माझं मला येतं," असं ताई आजवर मदतीला आलेल्या प्रत्येकाला म्हणाली होती.

तिने हात तसाच राहू दिला.