अनधिवासित घर

विमा कंपनीत तिला सगळे सोपीताई म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने, आणि शेवटी तर निवृत्तीच्या समारंभात व्यवस्थापकांनीही तेच नाव घेतलं आणि खरं नाव आठवायला कागदाकडे बघितलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. आईबापांनी ठेवलेलं नाव तिने आपण होऊन थोडंच मिळवलं होतं? हे मात्र मिळवलेलं होतं.

आता ती दुपारची गॅलरीत खुर्ची टाकून बसते, तेव्हा हटकून तिसऱ्या मजल्यावरची ती खोली डोळ्यांपुढे येते. खिडकीपाशी तिचं टेबल, समोर वकीलसाहेबांचं, आणि मध्ये एक पंखा. तो पूर्ण वेगात सोडला की दोघांचेही कागद उडायचे, म्हणून उन्हाळाभर तो अर्ध्यावरच फिरायचा. वकीलसाहेब कंपनीच्या कायदा विभागाचे. ऑफिसात त्यांचं नाव परंतुसाहेब. कुणी "जेवायला चलता का" म्हटलं तरी ते म्हणायचे, "येतो, परंतु हे पान संपवून." तिचं मूळ काम होतं माहितीपत्रकं लिहिण्याचं. पॉलिसीचा मजकूर वकीलसाहेबांचा. दोघांची टेबलं समोरासमोर होती, पण कामं कधी एकमेकांत गेली नव्हती.

ती कामं एकमेकांत गेली एका म्हाताऱ्या जोडप्यामुळे.

त्या दिवशी ती खाली दाव्यांच्या काउंटरवर काही तपशील विचारायला गेली होती. तिथे एक गृहस्थ आणि त्यांची बायको उभी होती. नातवंड झालं म्हणून दोघं मुलीकडे गेली होती, महिना-दीड महिना राहिली, आणि मागे घर फुटलं. दावा नामंजूर झाला होता. गृहस्थ आवाज चढवत नव्हते. त्यांनी पॉलिसी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "घर बंद ठेवलं तर चोरीचे पैसे मिळत नाहीत, हे यात कुठं लिहिलंय तेवढं दाखवा. मी घरी बसून तीनदा वाचलीय."

काउंटरवरचा कारकून सज्जन होता. त्याने पानं उलटली, पुन्हा उलटली, चष्मा पुसला. त्यालाही सापडायला वेळ लागला. सापडल्यावर त्याने तो परिच्छेद वाचून दाखवला:

"विमित वास्तू सलग तीस दिवसांहून अधिक कालावधीकरिता अनधिवासित राहिल्यास, आणि विमाधारकाने हानी उद्भवण्यापूर्वी पृष्ठांकनाद्वारे कंपनीची संमती प्राप्त केलेली नसल्यास, तदनंतर सदर वास्तूतील चीजवस्तूंच्या चोरीबाबतचे संरक्षण संपुष्टात आल्याचे समजण्यात येईल."

गृहस्थांनी ऐकून घेतलं. मग बायकोकडे वळून म्हणाले, "हे वाचलं होतं मी. मला वाटलं, हे कारखान्यांसाठी असेल."

ते दोघं गेल्यावरही सोपीताई तिथेच उभी राहिली. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. नियमही तसा वाजवी होता. बंद घरात चोर शिरण्याची भीती जास्त, तर कंपनीला आधी कळायला नको का? पण तो नियम ज्याच्यासाठी लिहिला, त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ती वर गेली आणि वकीलसाहेबांना म्हणाली, "साहेब, हा परिच्छेद मी सोपा करून बघू का?"

"बघा," ते म्हणाले, "परंतु त्यातला एक शब्दही रिकामा नाही. प्रत्येकामागे कुठला ना कुठला खटला आहे."

व्यवस्थापकांनी आधी नाक मुरडलं, मग 'एक परिच्छेद काय, करून बघा' म्हणून मान हलवली.

पहिला मसुदा तिने एका बैठकीत लिहिला आणि स्वतःवरच खूश झाली. 'घर तीस दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहणार असेल, तर आम्हाला आधी कळवा. नाहीतर चोरीची भरपाई मिळणार नाही.' संध्याकाळी घरी आल्यावर आईला वाचून दाखवला. आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसली होती.

"आई, ऐक आणि तुझ्या शब्दांत सांग, काय कळलं."

आईने ऐकलं. "म्हणजे घरात सामान नसलं तर कळवायचं."

"सामान नाही गं, माणसं."

"मग रिकामं का म्हणतेस? आपण तुझ्या बहिणीकडे जातो तेव्हा आपलं घर रिकामं असतं का? कपाटं, भांडी, तुझी पुस्तकं, सगळं तर असतं. आणि रिकाम्या घरात चोर कशाला मरायला येईल?"

सोपीताईने मुकाट्याने 'रिकामं' खोडलं. मग 'बंद' लिहिलं. आई म्हणाली, कामाला जाताना रोजच घर बंद असतं. तेही खोडलं. शेवटी 'घरात कुणीही राहत नसेल' यावर आईची मान हलली आणि ती पुन्हा मटारांकडे वळली.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी लाल शाईने 'कळवा' भोवती गोल काढला. "इथे तुम्ही लोकांना खड्ड्यात घालताय."

"का? कळवायचंच तर आहे."

"नुसतं कळवून भागत नाही, बाई. उद्या कुणी फोन करेल, 'मी जातोय' म्हणेल आणि निर्धास्त गावाला जाईल. कंपनीने लेखी होकार द्यायला हवा. पृष्ठांकन म्हणजे तेच, पॉलिसीला जोडायची होकाराची चिठ्ठी. आणि तोही नुकसान होण्याच्या आधी. चोरी झाल्यावर मागितलेल्या होकाराचा काय उपयोग?"

तिला ते पटलं, आणि थोडी लाजही वाटली. सोपं करण्याच्या नादात तिने नियमाचा कणाच काढून टाकला होता. त्या दिवसापासून ती त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली. ते अवघड लिहीत होते खरं, पण लोकांना अडवायला नव्हे. त्यांना भीती वाटे, की एखादी फट राहिली तर उद्या त्यातून कुणीतरी पडेल.

मग मसुदे टेबलावरून टेबलावर जायला लागले. ती एक वाक्य तोडून दोन करायची, ते त्यातलं निसटलेलं काहीतरी परत आणून ठेवायचे. दुपारच्या चहाला ती खालच्या प्रतीक्षागृहात जाई, बसलेल्या लोकांना मसुदा वाचायला देई, आणि 'समजलं का' असं मुळीच विचारत नसे. समजलं का म्हटलं की सगळे हो म्हणतात. ती विचारायची, "तुम्ही दोन महिने बाहेरगावी चाललात, तर काय कराल?" एका शिंप्याने सांगितलं, शेजाऱ्याकडे किल्ली देईन. एका नर्सने सांगितलं, तुमच्याकडून कागद आणेन. तो कागद सगळ्यांना सुचेपर्यंत ती मसुदा बदलत राहिली.

आणि मग तिने त्या म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावलं. वकीलसाहेब म्हणाले, ते कशाला येतील, आपण त्यांचा दावा नाकारलाय. पण ते आले. तिसऱ्या मजल्यावर त्या पंख्याखाली बसले, मसुदा हातात धरून सावकाश वाचला:

'तुमच्या घरात सलग तीस दिवसांपेक्षा जास्त काळ कुणीही राहणार नसेल, तर जाण्याआधी आम्हाला सांगा आणि आमचा लेखी होकार घ्या. नुसतं सांगणं पुरेसं नाही. असा होकार घेतला नसेल, तर तीस दिवसांनंतर झालेल्या चोरीची भरपाई मिळणार नाही.'

"आता कळतंय," ते म्हणाले. "हे असं असतं, तर मी कागद घेऊनच गेलो असतो." त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "एक विचारू का ताई? सलग म्हणजे काय धरायचं?"

"म्हणजे मध्ये खंड न पडता."

"मी मध्ये एकदा आलो होतो. हिची औषधं राहिली होती. रात्री मुक्काम केला, सकाळी झाडांना पाणी घातलं आणि परत गेलो. तो खंड म्हणायचा, की नाही?"

सोपीताईने वकीलसाहेबांकडे बघितलं. वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"हे तुम्ही आधी सांगितलं होतंत?" त्यांनी विचारलं.

"कुणी विचारलंच नाही. आणि हे सांगण्यासारखं आहे हे मला तरी कुठं ठाऊक होतं?"

ते गेल्यावर दोघं दाव्यांच्या प्रमुख बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, एका रात्रीने घरात राहणं होत नाही. वकीलसाहेबांनी जुन्या फायली मागवल्या, तर दुसऱ्या एका शाखेने अगदी असाच दावा मंजूर केलेला निघाला. म्हणजे इतकी वर्षं कुणालाच नक्की माहीत नव्हतं. 'अनधिवासित' हा शब्द इतका भारदस्त होता, की त्याच्या पोटात काय आहे हे उघडून बघायची कुणाची छाती झाली नव्हती.

परत येताना जिन्यात वकीलसाहेब थांबले. "हा शब्द माझा आहे," ते म्हणाले. "मीच घातला होता. मला तो फार अचूक वाटायचा."

 ती म्हणाली, "शब्द चांगलाच आहे, साहेब. फक्त घरात राहणाऱ्या माणसांचा नाहीये."

ते हसले. त्यांना तसं मोकळं हसताना तिने पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांनीच मग व्यवस्थापकांना टिपण लिहिलं. मजकूर आपण लिहिलेला, त्याचे दोन अर्थ निघतात, तेव्हा जो अर्थ विमाधारकाच्या बाजूचा तोच धरायला हवा, हा कायद्याचा साधा नियम आहे. शेजाऱ्यांचा जबाब घेतला गेला. त्या रात्री दिवा लागला होता आणि सकाळी त्या गृहस्थांनी शेजाऱ्यांकडेच चहा घेतला होता. मुक्कामाच्या आधीचे दिवस मोजले, नंतरचे मोजले, दोन्हीकडे तीस भरत नव्हते. दावा पुन्हा उघडला आणि मंजूर झाला. प्रमुख बाई थोडे दिवस सोपीताईशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. मग त्यांनीच वाहनविम्याचा एक परिच्छेद आणून तिच्या टेबलावर ठेवला.

घरविम्याच्या परिच्छेदात एका वाक्याची भर पडली: 'या काळात तुम्ही किंवा तुमच्या कुटुंबातलं कुणी एक रात्र जरी घरी राहिलं, तरी तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातील.' नियामकाची मंजुरी येऊन नवी पुस्तिका छापून होईपर्यंत पुष्कळ काळ गेला. वकीलसाहेब तोवर निवृत्तीला आले होते. छापलेली पहिली पुस्तिका हातात आल्यावर त्यांनी ते पान काढलं, दोनदा वाचलं, आणि खिशातलं लाल पेन काही बाहेर काढलं नाही. नंतरही ते अधूनमधून फोन करत. इस्पितळाचे कागद, बँकेची पत्रकं वाचून दाखवत आणि म्हणत, "बाई, यांना कुणी तुमच्यासारखं भेटलेलं दिसत नाही." मग एका वर्षी फोन येणं थांबलं.

ती खोलीही आता राहिली नाही. भिंती पाडून मोठा हॉल केलाय म्हणे, आणि वाऱ्याने उडायला तिथे कागदच नसतात. पॉलिसी फोनवर येते. त्यात तिची वाक्यं आहेत की नाहीत, हे ती मुद्दाम बघत नाही. कुणी आणखी सोपी केली असतील, कुणी पुन्हा अवघड.

तिला आठवते ती पुस्तिका घरी आणल्याची संध्याकाळ. आईची नजर तोवर अधू झाली होती, पण मला दे, मी वाचते म्हणाली. खिडकीजवळ जाऊन, पान डोळ्यांशी धरून तिने तो परिच्छेद एका दमात वाचला, कुठेही न अडखळता. मग पुस्तिका मिटून लेकीच्या हातात दिली.

"हे लिहायला तुला इतके महिने लागले?" ती म्हणाली. "यात काय आहे एवढं? हे तर कुणीही बोललं असतं."

 सोपीताईने चहाचं आधण ठेवलं, आणि आईला दिसू नये म्हणून पाठमोरी उभी राहून किती तरी वेळ हसत राहिली.