नीमीने काय खावं

नीमी परत आला त्या दिवशी बेव्हने जिममध्ये पर्शियन वाटले. पर्शियन म्हणजे कॅनडातल्या आमच्या थंडर बे गावचा गोड तळलेला पाव, वर गुलाबी साखरेचा जाड थर. जिम बेव्हची आहे, वाटायचे तर तिने वाटावेत, माझं काही म्हणणं नाही. पण मी वीस वर्षं या तळघरातल्या जिममध्ये येतोय. पाठ धरली तरी आलो, मुलगी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीही आलो. माझ्या नावाने कधी साधा पाव वाटला गेला नाही. आणि हा गडी इतक्या वर्षांनी उगवतो तर लगेच गुलाबी थर!

"एलिओ, एक घे की," बेव्ह म्हणाली.

"मी असलं खात नाही."

"हो रे बाबा, तू खात नाहीस. म्हणून तर तुझं तोंड असं असतं."

सगळे हसले. नीमी सगळ्यांत मोठ्याने.

डॅरन नीमीला तुम्ही ओळखत नसाल म्हणून सांगतो. विशीत असताना तो आमच्या गावातला सगळ्यांत ताकदवान माणूस होता, आणि त्यासाठी त्याने काडीचीही मेहनत घेतली नव्हती, हे माझं स्पष्ट मत आहे. रात्रभर नाचून यायचा, बूट काढायचा, मोजे घालूनच तीनशे किलो जमिनीवरून उचलायचा आणि विचारायचा, "कुणाकडे सँडविच आहे का?" पोरींना तो आवडायचा, म्हाताऱ्यांना आवडायचा, कुत्र्यांनाही आवडायचा. मग तो उत्तरेकडे खाणीवर गेला. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. लग्न झालं, मोडलं, लिफ्टिंग सुटलं. खाणीच्या कॅम्पवर जेवण फुकट आणि हवं तेवढं, त्यामुळे पोट सुटलं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी महापालिकेचा बर्फ हटवायचा ट्रक चालवायची नोकरी धरून तो गावात परतला होता. रक्तदाबाची गोळी चालू, साखर काठावर.

तो नव्हता तेव्हा मी काय केलं? मी उचलत राहिलो. बेव्हच्या भिंतीवर एक काळी पाटी आहे. प्रत्येक वजनगटातल्या चाळिशीपुढच्यांची सगळ्यांत मोठी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून उचललेलं वजन, त्यावर खडूने लिहिलेली असते. एकशेपाच किलोपर्यंतच्या गटापुढे लिहिलंय: एलिओ झानेट, २५५. ही ओळ मी इंचाइंचाने कमावली आहे. आयुष्यात माझं नाव दुसऱ्या कुठल्या भिंतीवर नाही.

तर पर्शियन खाऊन झाल्यावर नीमीने बोटं चाटली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बरं मंडळी, आता मी खायचं कसं? एप्रिलमध्ये आपल्या गावची स्पर्धा आहे. उतरायचं मनात आहे."

मग काय, जो तो वैद्य. कुणी म्हणालं, सकाळी काहीच खाऊ नकोस. कुणी म्हणालं, पूर्वीसारखंच कर. पूर्वीसारखं म्हणजे रोज चार लिटर दूध आणि झोपताना आख्खा पिझ्झा. "आधी फुगायचं, मग ताकद येते," बेव्हसुद्धा म्हणाली. नीमीचे डोळे चमकले. दुधाचं ऐकून कुणाचे चमकणार नाहीत?

मी गप्प राहू शकलो असतो. त्याने दूध ढोसलं असतं, पोट आणखी वाढलं असतं, एका गोळीच्या दोन झाल्या असत्या. पण चुकीचं ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्याला मी काय करू?

"अरे, विशीत होतास तेव्हा ठीक होतं," मी खेकसलो. "आता तुझ्या पोटावर आहे तेवढा साठा पुरे आहे. फुगायचं नाही आणि उपाशीही मरायचं नाही. आता जेवढ्यात वजन स्थिर आहे साधारण तेवढंच खा, फक्त ताटात काय आहे ते बदल. दर जेवणात हाताच्या पंज्याएवढं मांस, नाहीतर मासा, नाहीतर चार अंडी. तुझा फ्रीझर मूसच्या, त्या दांडग्या हरणाच्या, मटणाने भरलाय ना? त्यात चरबी नावालाही नसते, तेच खा. ट्रकमध्ये चिप्स नेऊ नकोस. आणि बारवर वजन हळू वाढव. स्नायू लवकर परत येतात, सांधे येत नाहीत."

"म्हणजे खाणं वाढवलं नाही तरी ताकद येईल?"

"तुझी येईल," मी म्हणालो, आणि खरं सांगतो, हे बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं. "एकदा कमावलेलं शरीर विसरत नाही. नव्या माणसाला जे दोन वर्षांत जमतं ते तुला एका हिवाळ्यात जमेल."

हा कुठला न्याय? जो थांबला नाही त्याला वर्षाला दोन-अडीच किलो वाढवताना नाकी नऊ येतात, आणि जो पळून गेला त्याला सगळं व्याजासकट परत मिळतं. पण आहे ते असं आहे.

आणि झालंही तसंच. त्या हिवाळ्यात बर्फ खूप पडला, नीमी रात्रपाळ्या करायचा आणि पहाटे सरळ जिममध्ये यायचा, हातात मूसच्या मटणाचा डबा. नाताळपर्यंत खांदे परत आले. फेब्रुवारीत मान परत आली. दर आठवड्याला कमरेच्या पट्ट्याने पोट मोजायचा आणि लांबून ओरडायचा, "एलिओ, अजून एक भोक आत गेलो रे!" वजन जास्त हललं नव्हतं, पण पँट सैल झाली होती. माणसं विचारायची, कसं केलंस? तो माझ्याकडे बोट दाखवायचा. याचा तर मला आणखीच राग यायचा. उपकार केल्यासारखं कौतुक करतो मेला.

घरी कॉलीन, माझी बायको, म्हणाली, "तूच शिकवलंस ना त्याला? मग अभिमान वाटायला हवा."

"वाटतोय की."

"दिसतोय. काटा त्या बटाट्यात कसा खुपसतोयस बघ."

मार्चअखेरीस, स्पर्धेच्या आठवड्यात, नीमी वजनकाट्यावर उभा राहिला. एकशेआठ. सप्टेंबरात एकशेतेरा होता. बेव्ह खांद्यावरून वाकून बघत होती. "अरे डॅरन! तीनच किलो. एकशेपाचच्या गटात बसशील की तू!"

जिममधले सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. मला कळायला एक क्षण लागला. एकशेपाच म्हणजे माझा गट. माझी ओळ. मीच त्याला चांगलंचुंगलं खायला शिकवून माझ्या उंबऱ्यापर्यंत आणला होता. वरच्या, एकशेवीसच्या गटात तो कितीही उचलो, माझ्या खडूला हात लागत नव्हता. त्या आठवड्यात त्याने सरावात दोनशेपन्नास हसत हसत उचलले होते.

नीमी काट्यावरून उतरला आणि सरळ माझ्याकडे आला. "एलिओ, हे तीन किलो चार दिवसांत कसे घालवू? काय खाऊ, काय नको?"

उत्तर मला माहीत होतं. असं करू नकोस, हेच उत्तर होतं. तीन किलो चार दिवसांत घालवायचे म्हणजे अंगातलं पाणी काढायचं: मीठ बंद, भाजी बंद, शेवटी पाणीही बंद आणि गरम टबात बसून घाम गाळायचा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने इतक्या वर्षांनी पहिल्याच स्पर्धेआधी असलं काही करायचं नसतं. वजन झाल्यावर खाऊन-पिऊन सावरायला दोनच तास असतात. त्यात चक्कर येऊन बारसकट आडवा व्हायचा. नीट जेवायचं, आहे त्या वजनाने वरच्या गटात उतरायचं. कुठलाही शहाणा माणूस हेच सांगेल.

पण हेच उत्तर माझ्या सोयीचंही होतं ना! वाक्य तोंडात आलं आणि मला त्याचा वास आला. मी हे त्याच्यासाठी म्हणतोय की पाटीसाठी? मी मनात चाचपून पाहिलं. देवाशप्पथ, मला सापडलं नाही.

"काही घालवू नकोस," मी म्हणालो. "जेव आणि वरच्या गटात उतर."

 मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि बेव्ह म्हणाली, "वा रे वा! हे बरं आहे तुझं, एलिओ."

"बरं आहे म्हणजे?"

"म्हणजे तुझी ओळ सुरक्षित."

"त्याच्या डॉक्टरला विचार हवं तर!" मी ओरडलो. "गोळी घेतो तो! टबात बेशुद्ध पडला तर तू जाणार आहेस काढायला?"

"ओरडतोस कशाला? मी फक्त म्हटलं."

माझे कान तापले होते. खरं बोलूनही चोर ठरलो होतो, आणि चोर नाहीच असं स्वतःलाही छातीठोक सांगता येत नव्हतं. नीमी मात्र माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर संशयाचा मागमूस नव्हता. त्याच्या ठिकाणी मी असतो तर मी माझ्यावर तसूभर विश्वास ठेवला नसता.

"एलिओने आत्तापर्यंत सांगितलेलं चुकलंय का?" तो बेव्हला म्हणाला. "मी जेवणार."

स्पर्धेच्या सकाळी त्याने अंडी, ओट्स आणि दोन केळी हाणली आणि एकशेवीसच्या गटात उतरला. मी माझ्या गटात दोनशेपन्नास उचलले. जिंकलो. टाळ्या पडल्या, सौजन्याच्या. मग नीमीने दोनशेसाठ उचलले. मोजे घालूनच. हॉल उभा राहिला, कॉलीनही उभी राहिली, बसताना तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. बेव्हने त्याच रात्री जिम उघडून पाटीवर एकशेवीसच्या गटापुढे त्याचं नाव लिहिलं. माझी ओळ तशीच होती. माझ्या ओळीखाली त्याची ओळ होती आणि तिचा आकडा मोठा होता.

मला वाटलं, संपलं. पाटी वाचली, माणूसही वाचला. आता मीच माझ्यावर कशाला शंका घ्यायची?

सोमवारी नीमी आला. पकड घसरू नये म्हणून मी खडूने हात पांढरे करत होतो. तो बाकावर बसला आणि डबा उघडता उघडता म्हणाला, "एलिओ, पुढच्या एप्रिलला आख्खं वर्ष आहे. डॉक्टर म्हणतो अजून थोडं वजन उतरलं तर गोळीही सुटेल. ते तीन किलो घाईने नकोत, मान्य. पण हळूहळू? ताकद न घालवता? जमेल का, आणि खायचं कसं?"

बेव्ह काउंटरमागून ऐकत होती. तिने पुसणं थांबवलं.

जमेल. आरामात जमेल. ते मला जसं माहीत होतं तसं या गावात कुणालाच माहीत नव्हतं. 'तुला वरचाच गट बरा' असं म्हटलं असतं तर त्याने तेही ऐकलं असतं. या वेळी गोळीचा आडोसा नव्हता, घाईचा आडोसा नव्हता. माझ्या पोटात इतकं दुखत होतं की मी खरोखर हात पोटावर ठेवला, शर्टावर पांढरा पंजा उमटला.

मी पाटीकडे पाहिलं. एकशेपाच, एलिओ झानेट.

"जमेल," मी म्हणालो. "मटण आहे तेवढंच ठेव, ते कमी करायचं नाही. बटाटा निम्मा कर. बीअर फक्त शनिवारी. आणि डब्यात तो पाव दिसतोय ना गुलाबी?"

"बेव्हने दिला रे."

"आण इकडे," मी म्हणालो, आणि तो पर्शियन मी तिथेच उभ्याउभ्या खाल्ला.