चार इंचांच्या भोकाचा अर्ज

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सिस्टर इस्पितळात सकाळची पाळी करतात आणि घरी येऊन दुसरी. दुसऱ्या पाळीतल्या पेशंट म्हणजे त्यांच्या सासूबाई, वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. रोज तीन-चार चादरी धुवाव्या लागतात. बाल्कनीला काचा, वारा म्हणाल तर पाहुण्यासारखा, आला तर आला. ओलसर चादरीवर सासूबाईंच्या पाठीची कातडी सोलवटायला लागली, तेव्हा सिस्टरांनी कपडे वाळवायचं मशीन आणलं. त्याची गरम, दमट हवा बाहेर सोडायला बाल्कनीच्या भिंतीत चार इंचांचं भोक हवं होतं. बाहेरची भिंत सोसायटीची, म्हणून सेक्रेटरींना अर्ज.

सिस्टर अर्जसुद्धा पेशंटच्या तक्त्यासारखा लिहितात. भोक कुठे, किती रुंद, खांब आणि तुळई सोडून किती लांब, पाइप ॲल्युमिनियमचा, पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला किंचित उतार, तोंडाला आपोआप मिटणारी झडप. खाली सही. मायना नाही, 'कृपाभिलाषी' नाही.

आमचे सेक्रेटरी नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. जिन्याखालच्या खोलीत आवक-जावक रजिस्टर घेऊन बसतात. जे अर्जाला जोडलेलं नाही, ते जगात नाही, असा त्यांचा सिद्धांत. एकदा पाण्याची टाकी ओसंडून वाहत होती, तर म्हणाले, तक्रार कुठाय?

"वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यांची हरकत नाही, याचं पत्र जोडा," ते सिस्टरांना म्हणाले.

वरची शेजारीण म्हणजे मी. सही मी लगेच दिली असती, पण इतकी वर्षं शेजारी राहून त्या माझ्याकडे कधी घटकाभर बसल्या नव्हत्या. मी चहा ठेवला.

"काकू, सही करताय की मुलाखत घेताय?"

"दोन्ही. सासूबाई तुम्हाला अजून शिव्या देतात का?"

"देतात. तब्येत सुधारल्याची खूण आहे ती."

मी सही केली.

कमिटीची बैठक झाली, परवानगी आली. अट एकच: पारवे घरटं करू नयेत म्हणून झडपेऐवजी बारीक जाळी. सिस्टर कागद घेऊन जिन्याखाली गेल्या. मी आपली जिन्यात भाजीची पिशवी नीट करत होते.

"साहेब, कपड्यांचा भुगा हवेबरोबर येतो. मशीनची गाळणी अडवते, तरी बराच सुटतो. तो जाळीवर बसणार, हवा कोंडणार, मशीन तापणार. त्या भुग्याला आग लागायला वेळ लागत नाही."

"हे अर्जात नव्हतं."

"अर्जात झडप लिहिली होती."

"का झडप, ते नव्हतं. आता ठराव झालाय. ठराव म्हणजे ठराव."

दुसरी बाई रडली असती किंवा मुकाट्याने जाळी बसवली असती. मी तर मिस्त्रीला पैसे देऊन रविवारी भोक पाडून मोकळी झाले असते. सिस्टरांनी पाइप बाल्कनीच्या उघड्या खिडकीतून बाहेर काढला, तोंडाला बरोबर ठरावातलीच बारीक जाळी बांधली आणि आठवडाभर स्वतः समोर उभं राहून मशीन चालवलं. वहीत वेळा लिहिल्या. पहिल्या दिवशी चादरी पाऊण तासात वाळल्या. सातव्या दिवशी दीड तास होऊनही दमट. मध्येच पाइप लोंबकळत असल्याची नोटीस आली, तीही त्यांनी जपून ठेवली आणि आठवडा संपताच पाइप आत घेऊन मशीन बंद केलं.

मग दुसरा अर्ज. परिशिष्ट एक: वेळांचा तक्ता. परिशिष्ट दोन: ती जाळी, पारदर्शक पिशवीत, राखाडी गोधडी पांघरल्यासारखी.

सेक्रेटरींनी पिशवी दोन बोटांत धरली. "हे काय?"

"जोडलंय," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी बराच वेळ पिशवी उलटसुलट पाहिली. मग, देवाशपथ सांगते, तिच्यावर आवक क्रमांक घातला. पुढच्या बैठकीत कमिटीतले सगळे तो भुगा बोटाने चाचपत होते. कित्येक वर्षांत प्रथमच कुणी एखादं परिशिष्ट नीट पाहिलं. ठराव दुरुस्त झाला. जाळी गेली, झडप आली. या सगळ्याला अडीच महिने लागले. सासूबाईंच्या पाठीने काही मुदतवाढ मागितली नव्हती. दोन जखमा झाल्याच.

भोक पाडायला पाऊण तास लागला. सेक्रेटरी टेप घेऊन तपासणीला आले. मशीन चालू होतं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून झडपेसमोर धरला. गरम वाऱ्याने ती फडफडत होती. मशीन थांबलं तशी मिटली. त्यांनी वहीत 'समाधानकारक' लिहिलं.

सिस्टरांनी कोमट चादर काढली आणि आतल्या खोलीत सासूबाईंना कुशीवर वळवून त्यांच्याखाली सरकवली. म्हातारीने हाताने चादर चाचपली, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, "इतके दिवस काय झोपली होतीस?"

सेक्रेटरींनी टेप गुंडाळायला घेतला. तो बराच वेळ गुंडाळला जात नव्हता.