ताणलेली फरशी

आमच्या ऑफिसातल्या सरांना घराची उंची, भिंतीची जाडी, जिन्याची पायरी सगळं मोजता येतं. जमीन मात्र त्यांना मोजायची वस्तू वाटतच नाही. नवी पेठेत साड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. सर आर्किटेक्ट आणि मी त्यांच्या बंगल्यांची थ्रीडी चित्रं करणारी. गिऱ्हाईक नकाशा बघत नाही, चित्र बघतं. आणि आमच्याकडचे गवंडीसुद्धा चित्रच बघतात. त्याची प्रिंट साइटवर भिंतीला चिकटवली की कामाला सुरुवात.

मोडनिंबकडचे एक बागायतदार शहराबाहेर बंगला बांधत होते. पहिल्याच बैठकीत त्यांनी एकच गोष्ट मागितली. "आमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. वॉकर घेऊन चालती. ती म्हणतीया, वास्तुशांतीला फाटकापासनं उंबऱ्यापर्यंत मी चालतच येणार. तेवढं अंगण नीट करा की."

सरांनी मान डोलावली. त्यांची मान कशालाही डोलते.

अंगणासाठी मी चार इंची दगडी ठोकळे निवडले, मधली फट पेन्सिलीएवढी, तीत वाळू. दगडाचा फोटो बरोबर वरून काढलेला होता, चित्रातल्या जमिनीवर खऱ्या मापाने बसवलेला. म्हणजे दूर जाताना फटी बारीक होतात, उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत जवळजवळ मिटून जातात आणि कडेच्या कर्बच्या, म्हणजे काठाच्या दगडी पट्टीच्या, रेषा घराच्याच दिशेने धावतात. डोळ्याला काही खटकत नाही, म्हणजे काम चोख.

सरांना खटकलं. "हे काय बारीक बारीक? आणि तो काळा डाग परत परत दिसतोय."

डाग दिसणारच होता. छोटा फोटो शेजारी शेजारी लावला की त्यातला डागही पुन्हा येतो. त्यावर उपाय असतो, चार वेगळे फोटो मिसळायचे. सरांचा उपाय सोपा होता. मी जेवायला गेले तेवढ्यात त्यांनी तोच फोटो सहापट ताणला. डाग गेला. चार इंची ठोकळा दोन फुटी फरशी झाला, पेन्सिलीएवढी फट दोन बोटं रुंद झाली आणि फटीतल्या वाळूचे कण फुगून खडी झाले. कर्ब मी मापाने केला होता, तो बिचारा त्या फरशांपुढे पाटीच्या चौकटीसारखा दिसायला लागला.

"सर, फटीत खडी दिसतेय," मी म्हणाले.

"दिसू दे. कोण मोजतंय?"

अडाण्याचा गाडा म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की याला एसी आहे.

बागायतदार आले, चित्र बघून खूश झाले. "लई भारी! रिसॉर्टवानी दिसतंय की!" मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "दादा, एवढ्या फटी ठेवू नका, आईंच्या वॉकरची चाकं अडकतील." सर हसले. "मॅडमना बारीकसारीक बघायची सवय आहे." दादाही हसले. त्यांना शेजाऱ्याच्या अंगणापेक्षा मोठी फरशी हवी होती, आणि ती समोर दिसत होती. माणसाला हवं ते दिसलं की त्याला आईसुद्धा दिसत नाही. मला दोघांचीही कीव आली नाही.

अंगणाचं वेगळं ड्रॉइंग सरांनी दिलंच नाही. गवंड्याने प्रिंट बघून दोन फुटी शहाबादी फरशा आणल्या, दोन बोटं फट सोडली, फटीत खडी भरली. वास्तुशांतीच्या दिवशी मी विचारलं तर म्हणाला, "फोटोत हाय तसंच केलंय की ताई."

म्हातारी रिक्षातून उतरली. नवं लुगडं, नवा वॉकर. फाटकातून आत आली, पहिली फरशी पार केली आणि वॉकरची पुढची दोन्ही चाकं खडीत रुतली. तिने ती उचलून पुढे टाकली, पुढच्या फटीत पुन्हा रुतली. तिसऱ्या वेळी तिचा तोल गेला. मुलाने धरलं. मग प्लॅस्टिकची खुर्ची आली, दोन पुतण्यांनी म्हातारीला त्यात बसवून उचललं.

"बघा, पालखीतनं आल्यासारखं!" सर म्हणाले.

म्हातारी मुलाकडे बघत म्हणाली, "मला चालायचं हुतं की रं."

मुलगा खाली मान घालून फरशी बघत राहिला. सर तोवर मोबाइल काढून अंगणाचा फोटो घ्यायला फाटकापाशी गेले होते.

तो फोटो आता ऑफिसात लावलाय, थ्रीडी चित्राच्या शेजारी. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सर दोन्ही दाखवतात. "बघा, जसं दाखवलं तसंच बांधलं. फट न् फट जुळते." खोटं नाही. आयुष्यात एकदाच त्यांचं माप बरोबर आलं. त्या फोटोच्या कोपऱ्यात, फाटकाजवळ, रिकामा वॉकर खडीत उभा आहे, आणि तो आजवर एकाही गिऱ्हाइकाला दिसलेला नाही.